काय सुचतंय का

धाकट्या बहिणीचा नवरा लढाईवरून अधू पाय घेऊन उंब्रजला परतला आणि तिचे हाल सुरू झाले. हाताला लागेल त्यानं मारायचा. आम्ही तिला एकदा आमच्या मळ्यावर, सांगलीजवळ आणली होती. पण "माझं हितं काय हाय?" म्हणत ती परत गेली. दुसऱ्याच्या जिवावर खाणं तिला सोसत नव्हतं.

मग त्यानं कऱ्हाडचा फोटोवाला बोलावून परसात वर्दीतला फोटो काढून घेतला. त्याची एक प्रत तिनं आम्हाला धाडली. मागं पेन्सिलीनं एवढंच: काय सुचतंय का?

सगळे वर्दी बघत होते. मी मागचं परसू बघितलं. शेवगा कुऱ्हाडीनं बुंध्यातून तोडलेला, घेवड्याचा मांडव लाथेनं पाडलेला. माझं डोकं फिरलं.

"मुडद्याचं डोस्कं फोडून तिला घिऊन येते," मी म्हणाले.

"ती परत पळंल," माझा नवरा म्हणाला. "तिनं काय लावू इचारलंय." तो फोटो घेऊन उजेडाला बसला. "आर्ध्या परसावर भितीची सावली हाय. फोटो सकाळचा का दुपारचा, लिहून इचार."

सकाळचा, असं उत्तर आलं.

"म्हंजी भित उगवतीला. दुपारनं ऊन येतंय. हळदीला तेवढं पुरं. न्हाणीचं पाणी ह्या कोपऱ्यात तुंबल्यालं दिसतंय, तितं अळू लावू दे. हळद उंच वाफ्यावर, न्हाईतर गड्डं कुजतं."

"आवं, त्यो कापंल की."

"कापू दे. माल खाली हाय."

अक्षय तृतीयेला आम्ही जेठे गड्डे, म्हणजे बियाण्याची हळद, धाडले. श्रावणात त्यानं अळू तुडवलं, विळ्यानं हळदीची पानं सपासप छाटली आणि आडवी आली म्हणून तिचा हात मोडला. मी ते ऐकून ताटावरून उठले. पण गड्ड्यांतून पुन्हा कोंब फुटले.

पौषात पाला पिवळा पडून लोळला. एका संध्याकाळी तो पुन्हा विळा घेऊन परसात शिरला आणि सगळा वाफा पार जमिनीलगत कापत गेला. वर तिच्या तोंडावर बुक्की मारली. या खेपेला ती आडवी गेली नाही. हळद काढायच्या आधी पाला असाच कापतात, हे त्या शिपायाला ठाऊक नव्हतं.

थोड्या दिवसांनी, तो बाजाराला गेल्यावर, तिनं खणायला घेतलं. दुसऱ्या दिवशी ती पोतं घेऊन आमच्या दारात उतरली. ओठ फाटलेला, नखांत माती. माझ्या सासूबाईंनी त्यातलाच एक गड्डा ठेचून तिच्या ओठावर दाबला.

"आक्का, जेठं गड्डं येगळं काढल्यात," ती म्हणाली. "हितं कुटं लावू? काय सुचतंय का?"

मी तिला विहिरीकडची पट्टी दाखवली, आणि मला रडू आलं.

उन्हाळ्यात तो काठी घेऊन तिला न्यायला आला. ती पट्टी खणत होती. त्यानं शिव्या घातल्या, काठी उगारली. तिनं कुदळ खाली ठेवली नाही. बांधावरूनच तो माघारी फिरला.