बारा लाद्या आणि एक रेघ

डिप्लोमा घेऊन मी मेहकरला परत आलो तेव्हा माझ्या डोक्यात हवा होती आणि ट्रंकेत एक चार्ट होता. हवा कधी गेली ते पुढं सांगतो. चार्ट अजून माझ्याकडे आहे, त्यावर तेलाच्या बोटाचा एक डाग आहे, आणि तो डाग मला माझ्या सर्टिफिकेटापेक्षा जास्त प्यारा आहे.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या गावात एका शेटजींनी बर्फाचा कारखाना टाकला होता. अमोनियाचा वास शेजारच्या मंदिरात जाईल म्हणून ट्रस्टी अडून बसले, तेव्हा शेटजींनी महागाचा, बिनवासाच्या फ्रिऑन गॅसचा छोटा प्लांट आणला. लग्नसराईत इथला बर्फ भुशात गुंडाळून एसटीच्या टपावरून दुसरबीडला, सुलतानपूरला जायचा, आणि पोचेपर्यंत लादीची वीट झालेली असायची. तरी लोक खूश. मला तिथं इंजिनेर म्हणून ठेवलं. काम काय, ते शेटजींनाही नीट ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच.

कारखाना खरा चालवायचा मिस्त्री. पन्नाशीचा माणूस, चौथी शिकलेला, कॉम्प्रेसरच्या आवाजावरून त्याला काय दुखतंय ते सांगणारा. मला तो पहिल्या दिवसापासून 'सायेब' म्हणायचा, पण असं, की ऐकणाऱ्याला आपण अजून चड्डीत आहोत असं वाटावं.

आणि शेटजींची बैठक. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बर्फाची टाकी एका बाजूला, कॉम्प्रेसर दुसऱ्या बाजूला, मधे शेटजींची खोली. टाकीत थंडी सोडून परत निघालेला गॅस ज्या पाइपातून कॉम्प्रेसरकडे जातो, तो पाइप या खोलीतून जायचा. शेटजींनी त्याच्यावरचं, थंडी धरून ठेवणारं बुचाचं आवरण सोलून काढलं आणि त्याला गादीमागच्या भिंतीवर चार फेऱ्या मारायला लावल्या. पाइपावर दंव जमायचं, खाली ठेवलेल्या परातीत टपटप पाणी पडायचं, आणि मे महिन्यात, बाहेर कुत्री जीभ काढून पडलेली असताना, आत शेटजी उपरणं अंगावर ओढून बसायचे. तालुक्यातली पहिली गार खोली ती. तहसीलदार काम नसताना यायचे, फौजदार यायचे, हेडमास्तर उत्तरपत्रिका तपासायला यायचे. शेटजी म्हणायचे, गॅस आपलं काम करून परत चालला आहे, त्याच्यात उरलीसुरली थंडी आहे, ती फुकट कशाला घालवायची? सगळे माना डोलवायचे. मीही डोलवली. माझं टेबल तिथंच होतं ना.

मे महिन्यात शेटजींनी विचारलं, आपला प्लांट रोज किती लाद्या काढायला पाहिजे? मला तर हेच पाहिजे होतं. मी ट्रंकेतून चार्ट काढला आणि गार भिंतीला पाठ लावून बसलो.

हा चार्ट म्हणजे काय ते सांगतो, भिऊ नका. उभ्या बाजूला गॅसचा दाब, आडव्या बाजूला किलोभर गॅसात किती उष्णता आहे ते. मधे एक घुमट. घुमटाच्या डावीकडे गॅस पातळ, पाण्यासारखा. उजवीकडे नुसती वाफ. आत दोन्हींची खिचडी. सगळा कारखाना या कागदावर चार रेघांत बसतो. खालची आडवी रेघ म्हणजे टाकीतली थंडी: उणे पंधरा अंशांवर गॅस उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता बर्फाच्या पाण्यातून ओढतो. तिथून तिरपी वर चढते ती कॉम्प्रेसरची रेघ. वरची आडवी कंडेन्सरची, तिथं चाळीस अंशांवर वाफेचं पुन्हा पातळ होतं. आणि डावीकडची सरळ खाली उतरणारी व्हॉल्व्हची. खालच्या रेघेची लांबी भागिले कॉम्प्रेसरच्या रेघेची आडवी लांबी, की आला सीओपी. म्हणजे एक भाग कामात किती भाग थंडी मिळते, तो आकडा.

मी दाब वाचले, त्यात हवेचा दाब मिळवायला विसरलो नाही, तेवढं तरी शिकलो होतो. व्हॉल्व्हच्या आधी पातळ गॅस पस्तीस अंशांवर होता, चाळीसवर नाही. म्हणजे पाच अंश सबकूलिंग. ते कुठून आलं याचा विचारही केला नाही. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी थर्मामीटर घालायला खोबण होती, तिथं वाफ पंधरा अंशांवर आली. उणे पंधरावरून पंधरा, म्हणजे तीस अंश सुपरहीट. पट्टी लावून मोजलं. खालची रेघ किलोला एकतीस किलोकॅलरी, काम आठ पूर्णांक दोन, सीओपी पावणेचार. कॉम्प्रेसर तासाला किती किलो गॅस ओढतो ते काढलं, बाहेरून टाकीत झिरपणारी उष्णता वजा केली, आणि उत्तर आलं: रोज शंभर लाद्या. एकही कमी नाही, जास्त नाही. इतकं गुटगुटीत उत्तर आलं की मी स्वतःवरच खूश झालो.

शेटजींनी वही उघडून पाहिली. मग म्हणाले, लाद्या तर अठ्ठ्याऐंशीच निघतात.

मी तेव्हाच पुन्हा मोजायला हवं होतं. मोजलं नाही. मी म्हणालो, चार्ट म्हणतो शंभर. फौजदार समोर बसलेले होते, त्यांनी मिशीवरून हात फिरवला. बारा लाद्या रोज कुठं जातात, हे मग कुणी विचारलंसुद्धा नाही. गोदामाची किल्ली मिस्त्रीकडे असायची.

शेटजींनी त्याला उंबऱ्यात उभं केलं. आत नाही, त्याच्या पायाला तेल असायचं. सोमवारच्या आत किल्ली ठेवून जा म्हणाले. मिस्त्री भांडला नाही. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. चोर म्हणून निघालेल्या माणसाला खामगावात काय, मलकापुरात काय, कोणता बर्फवाला उभं करणार होता? हे मला कळत होतं, आणि तरी मी कागदाची घडी घालत बसलो. आज लाज वाटते. तेव्हा फक्त गार वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनखोलीत गेलो तेव्हा तो ओल्या पोत्यांवर पाणी मारत होता. कंडेन्सरकडून व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या पाइपाला त्यानं ती पोती गुंडाळली होती. मी काऊन म्हणून विचारलं. तो म्हणाला, पातळ गॅस जेवढा गार जाईन तेवढा टाकीत जास्त कामी येते, तीन वर्सं झाली, रोज करतो. माझं पाच अंशांचं सबकूलिंग ते हेच होतं. कॉम्प्रेसरवर एका पैशाचं ओझं न वाढवता खालची रेघ डावीकडं लांब होत होती, रोजच्या चार-पाच लाद्या त्या पोत्यांनी दिल्या होत्या, आणि त्याच माणसाला मी चोर ठरवून आलो होतो.

मग त्यानं पोतं खाली ठेवलं आणि विचारलं, "सायेब, थ्या पाइपाले हात लावून पाह्यला का तुमी कधी?"

कोणत्या, म्हणालो. त्यानं माझं मनगट धरलं आणि टाकीपाशी नेलं. टाकीतून निघणाऱ्या पाइपावर माझा हात ठेवला. बोटं चिकटली, इतका थंड. तिथून मला फिरवून कॉम्प्रेसरपाशी आणलं, त्याच पाइपाच्या दुसऱ्या टोकावर हात ठेवला. माठाइतका गार, बस.

"आता मंदात काय हाये, थे तुमीच सांगा. म्या सांगतलं तर चोराच्या उलट्या बोंबा होतीन."

मधे बैठक होती. मधे शेटजींची गादी होती, तहसीलदारांची खुर्ची होती आणि माझं टेबल होतं.

मी टाकीच्या तोंडाशी पाइपाला थर्मामीटर बांधला, वरून कापूस गुंडाळला. उणे दहा. म्हणजे टाकीत मिळालेली सुपरहीट पाचच अंश, आणि पुढची पंचवीस अंश बैठकीत. चार्टावर हे सगळं एकाच सरळ रेघेत दिसतं, रेघेला काय कळणार की आपण कुठवर टाकीत होतो आणि कुठून पुढं शेटजींच्या पाठीमागं? ते कळायला माणूस पाहिजे, आणि माणूस म्हणून मी होतो, गधा. खरी रेघ उणे दहापाशी तोडायची होती. तोडली. एकतीसचे सत्तावीस झाले, काम तेवढंच राहिलं, सीओपी तीन आणि वर एक तृतीयांश. लाद्या आल्या सत्त्याऐंशी. मिस्त्री अठ्ठ्याऐंशी काढत होता. माझ्या हिशेबानं त्या माणसानं रोज एक लादी घरून आणून टाकली होती.

रविवारी मी बैठकीत गेलो. फौजदार होते, हेडमास्तर होते, बरंच झालं. चार्ट गादीवर पसरला, चुकीची रेघ दाखवली, कबूल केली, बरोबर रेघ दाखवली. सांगितलं की डाव्या टोकाला मिस्त्री पोत्यांनी देतो आहे आणि उजव्या टोकाला ही खोली खाते आहे. वरून, तापलेली वाफ विरळ असते, तेव्हा कॉम्प्रेसरच्या प्रत्येक घोटात गॅसही कमी येतो. उरलीसुरली थंडी नव्हे शेटजी, ती लाद्यांचीच थंडी आहे.

शेटजींनी भिंतीकडं पाहिलं. परातीत थेंब पडत होते. "म्हंजे चोर मीच का बे?"

"मी नाही म्हणत. चार्ट म्हणतो."

फौजदारांना ठसका लागला. हेडमास्तर एकाएकी उत्तरपत्रिकांत घुसले. शेटजींनी मिस्त्रीला बोलावलं, आणि माफी वगैरे काही मागितली नाही, शेटजी ते शेटजी. एवढंच म्हणाले, की हे वेटोळं काढ, पाइप सरळ कर आणि त्याच्यावर बूच बांध, किल्ली राहू दे तुझ्यापाशी. मिस्त्री म्हणाला की जी. पण मग तो उंबरा ओलांडून तेलाच्या पायांनी आत आला, गादीला वळसा घालून भिंतीपर्यंत गेला, आणि पाइप मोजून त्याच पायांनी परत आला.

आठ दिवसांत लाद्या चौऱ्याण्णव झाल्या. शंभर नाहीच. बैठकीत इतका उकाडा झाला की तहसीलदारांना कचेरीत बसून काम करावं लागलं.

मी मिस्त्रीची माफी मागायला इंजिनखोलीत गेलो. वाक्य पाठ केलं होतं, पण त्यानं ते पुरं होऊ दिलं नाही. थो कागद आणा म्हणाला. मी चार्ट पुढं धरला. त्यानं बराच वेळ घुमटाकडं पाहिलं आणि विचारलं, "याच्यात माही रेघ कोनती?"

मी कॉम्प्रेसरची तिरपी रेघ दाखवली. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं, मग वरची लांब रेघ पाहिली, खालची लांब रेघ पाहिली.

"या दोघींहून लहान माहीच?"

हो, म्हणालो, पण चारींत काम म्हणतात ते हिलाच. बाकी तिन्ही नुसत्या उष्णता घेतात, टाकतात, नाहीतर खाली पडतात.

तो हसला, पहिल्यांदाच. बोट उचललं तेव्हा रेघेवर तेलाचा डाग राहिला होता. पुसायला त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं. मी म्हटलं, राहू द्या मिस्त्री.