वासाचं पाणी

मलायातल्या दवाखान्यातल्या नर्सने निघताना मला बजावलं होतं: पाणी खळखळून उकळलेलं, अन्न चुलीवरून थेट ताटात, फळ स्वतः सोललेलं, आणि बर्फाचं नाव काढायचं नाही. नवऱ्याच्या रजेत आम्ही मद्रासला चाललो होतो. मुलगी नुकती दोन वर्षांची झाली होती. तिचा जन्म तिकडचा, इथल्या पाण्याची तिला सवयच नव्हती.

मैलापूरच्या घरात पाऊल टाकल्यापासून मी पहारेकऱ्यासारखी वागले. शेजारणीने कापून आणलेला आंबा परत पाठवला. नणंदेने कौतुकाने आणलेलं बर्फाचं सरबत मोरीत ओतलं. घरात माझ्याविषयी काय बोललं जात असेल ते मला ठाऊक होतं, आणि मला त्याची पर्वा नव्हती. सासूबाई मात्र एका शब्दाने बोलल्या नाहीत. तंजावरी सोवळ्यात मुरलेली बाई, पण नातीचं पाणी उकळायला वेगळी शेगडी त्यांनी स्वतः मांडली. पाणी निवलं की त्या ते नव्या मातीच्या घागरीत ओतायच्या, वर ताट झाकायच्या. लांब दांड्याच्या पळीशिवाय त्यात कोणी हात घालायचा नाही, हा माझा नियम त्यांनी मुकाट्याने पाळला. इतकं सरळ चाललंय याचीच मला धास्ती वाटायची.

पाण्याला सुरेख वास यायचा. नव्या मातीचा असेल, असं मी धरून चालले. पोर आनंदाने पेला रिकामा करी.

मग एका सकाळी तिला जुलाब सुरू झाले. दुपारपर्यंत ती मांडीवर पडून राहिली, रडायचंही बंद झालं. डॉक्टर आले. त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही. ते म्हणाले, अंगातलं पाणी चाललंय, तेवढं भरून काढायला हवं. मीठ घातलेली पातळ पेज द्या, उकळलेलं पाणी घोट घोट पाजत राहा. लघवी थांबली किंवा ती उठवूनही उठेना, तर तडक इस्पितळात न्या.

मी पाजत राहिले. त्याच घागरीतलं. जरा सावरलीसं वाटायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. डोळे खोल गेले, ओठ सुकले. मी मनातल्या मनात घरातल्या प्रत्येकाची उलटतपासणी घेतली. कोणी काही भरवलं का? परसातल्या त्याच विहिरीचं न उकळलेलं पाणी पिऊन घरची माणसं ठणठणीत फिरत होती, आणि माझ्या एवढ्या पहाऱ्यातली एकटी पोर विझत होती. मला त्या घराची भीती वाटू लागली.

घागर तळाला आली तेव्हा पळीला काहीतरी अडकलं. वर ओढलं तर पातळ फडक्यात बांधलेली मुळांची जुडी. वाळा! मी ती तशीच घेऊन परसात गेले. सासूबाई विहिरीवर बसल्या होत्या, हातात दुसरी ताजी जुडी, आणि पोहऱ्यातलं पाणी ओतून ती चोळून चोळून धूत होत्या. विहिरीच्या पलीकडूनच गल्लीचं गटार जात होतं. रोज ये-जा करूनही त्या दिवशी ते मला पहिल्यांदा दिसलं.

"आत्याबाई, हे कधीपासून घालताय?"

"पहिल्या दिवसापासून गे," त्या सहज म्हणाल्या. "उकळून पाणी मरून जातं. पोर ते मेलेलं पाणी कसं पिणार? रोज नवा वाळा, स्वच्छ धुवून घालते."

त्यांनी काही लपवलं नव्हतं. उन्हाळ्यात पाण्यात वाळा घालायचा, हे त्या घरात सांगायची गोष्टच नव्हती. "उकळलेल्यात विहिरीचं पाणी गेलं," एवढंच मी म्हणाले. त्यांनी हातातल्या जुडीकडे पाहिलं, मग पोहऱ्याकडे. मग जुडी खाली ठेवली.

त्यानंतर पाणी ज्या भांड्यात उकळलं त्यातच झाकून निववलं, पेला आणि चमचा उकळून घेतले. पेज चालूच ठेवली. पोर हळूहळू परत आली. आधी रडली, मग भूक म्हणाली. तो रडण्याचा आवाज ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसले.

परतताना सासूबाई बंदरावर पोचवायला आल्या होत्या. वाटेत लागणारं पाणी त्यांच्याच देखरेखीखाली उकळलेलं, फिरकीच्या झाकणाच्या पितळी कूज्यात. पोरीने पाण्यासाठी त्यांचा पदर ओढला.

"अज्जी, वासाचं तण्णी दे."

कूजा त्यांच्या हातात होता. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला, दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "आईकडे माग गे."

पोर हात पुढे करून त्यांच्याकडेच पाहत राहिली. त्यांनी हात काही बाहेर काढले नाहीत.