पद्धतीला आठ गुण

औंढ्याजवळच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या निता राठोडनं शेवटच्या वर्षाला गृहपाठ आखला: एक शोधनिबंध वाचून त्यातल्या उणिवा दाखवा. गुण वीस. सारांशाला चार, पद्धतीच्या तपासणीला आठ, पुरावा निष्कर्षाला पुरतो का, याला आठ. निबंध निवडला विभागप्रमुखांचा, हळदीवरचा. नमुना उत्तर लिहितानाच तिला शिसारी आली. खताचा एकच वाफा, तुलनेला बिनखताचा एकही नाही, आणि म्हणे उत्पन्न दीडपट!

प्रमुख भडकले. “पद्धतीला आठ काहून? अक्षराला द्या. पोरं आपल्याच चुका काढून राहिली तर?”

“काढू द्या, सर. त्या निबंधावर दुसरं नाव माझं आहे. बढतीसाठी मी सही ठोकली, वाफा डोळ्यानंही पाहिला नाही. आठ गुण पद्धतीलाच राहतील.”