काजूकतलीवाल्या कंपनीचा नफा

खालच्या मजल्यावरचे काका कंपनी चांगली की वाईट हे तिच्या वार्षिक सभेत मिळणाऱ्या खाऊच्या बॉक्सवरून ठरवत. काजूकतली निघाली की कंपनी भक्कम. नुसते वेफर्स असले की संचालकांवर संशय. मी तेव्हा अकाउंट्समध्ये नोकरीला होते, त्यामुळे त्यांच्या या शास्त्राची यथेच्छ टिंगल करायचे.

काका रिटायर झाले आणि त्यांच्या लाडक्या काजूकतलीवाल्या कंपनीने जुन्या भागधारकांना नवे शेअर देऊ केले. काका प्रॉव्हिडंट फंडाची सगळी रक्कम त्यात घालायला निघाले. बँकेतलं खातं दोघांचं, त्यामुळे काकूंचीही सही लागणार होती. काकूंनी मला बोलावून घेतलं. "तू वाच आणि मला एका पानावर लिहून दे. मग सहीचं बघू."

पोस्टाने आलेला कंपनीचा वार्षिक अहवाल संक्षिप्त होता. पूर्ण अहवालाची पीडीएफ कंपनीच्या वेबसाइटवर होती, म्हणून काका आणि मी केबिन रोडवरच्या सायबर कॅफेत गेलो. फाइल इतकी रमतगमत उतरली की तेवढ्यात काकांचे दोन चहा झाले. प्रिंट परवडणारी नव्हती, मी पडद्यावरूनच आकडे उतरवून घेतले. विक्री जवळपास गेल्या वर्षीइतकीच. नफा मात्र चार कोटींवरून आठ कोटी. काकांनी टेबलावर थाप मारली.

"थांबा, टिपा बघू दे," मी म्हटलं.

'इतर उत्पन्न' भलतंच फुगलं होतं. त्याच्यासमोर टिपेचा क्रमांक होता आणि ती टीप शेवटच्या पानांत बारीक अक्षरात लपलेली. कारखान्याशेजारची जमीन विकून पाच कोटींचा फायदा. म्हणजे धंद्याचे उरले तीनच, गेल्या वर्षीपेक्षाही कमी. मी ते पानाच्या तळाशी लिहिलं.

"अगं, हे कशाला लिहितेयस? ती उगाच घाबरेल."

"काका, खरी मेख तिथेच आहे."

परतताना जिन्यात काकांनी पानाची खालची पट्टी हळूच फाडून खिशात घातली. मला राग आला आणि हसूही. काकू सहीला निघाल्या तर बोलायचंच, असं ठरवून मी गप्प राहिले.

काकूंनी चष्मा लावून पान दोनदा वाचलं. "माल तेवढाच विकला, मग नफा दुप्पट कसा? काय विकलं यांनी?"

काका पंख्याकडे बघायला लागले.

"पगार तेवढाच असताना तुम्ही टेपरेकॉर्डर आणलात, तेव्हाही मी हेच विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "माझ्या आईची तांब्याची घागर भंगारवाल्याला विकलेली निघाली."

काकांनी मुकाट्याने खिशातली पट्टी काढून दिली. रक्कम फिक्स डिपॉझिटमध्ये गेली आणि मला भलताच आनंद झाला.

सभेला काका गेलेच, जुने शेअर होते ना. बॉक्स आणून काकूंपुढे ठेवला. काजूकतली होती. काकूंनी एक तुकडा तोंडात टाकला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा टेपरेकॉर्डरही असाच गोड वाजायचा."