दोघांच्या नावाचं पत्र

मस्कतच्या नोकरीसाठी मी सौंसरजवळच्या कारखान्यातली इलेक्ट्रिशियनची नोकरी सोडली, तेव्हा माझ्यासोबत माझ्या मित्रानंही सोडली. तो रामाकोन्याचा. आयटीआयपासून आम्ही एकत्र. नागपूरच्या कन्सल्टन्सीची जाहिरात मी पाहिली होती, त्यानं नाही. "तू जाऊन राहिला तं मीबी येतो," एवढंच तो म्हणाला होता.

प्रत्येकी नव्वद हजार मागितले. माझे मी बँकेतून पाठवले. मित्रानं त्याच्या बायकोचा हार मोडून रोख आणले आणि माझ्याच हातात दिले, कारण बोलणं मी करत होतो. मी ते ऑफिसातल्या मॅडमसमोर टेबलावर ठेवले. पावती मागितली तर त्या म्हणाल्या, "व्हिसासोबत दोघांचीही देऊ." आमचे पासपोर्टही त्यांनी ठेवून घेतले. मेडिकल झालं. मग दर आठवड्याला "पुढच्या आठवड्यात". तसे आठ महिने गेले. गल्लीतले लोक विचारायचे, "अजून गेला नाहीस का?" मी बसस्टँडकडे जाणं बंद केलं.

शेवटी आम्ही दोघं सौंसरच्या तहसीलसमोर टाइप करणाऱ्या म्हाताऱ्या बाबूंकडे गेलो. त्यांनी आधी आमच्याच मोबाइलवर परदेशी नोकऱ्या लावणाऱ्या परवानाधारक एजंटांची सरकारी यादी उघडायला लावली. कन्सल्टन्सीचं नाव तिच्यात नव्हतं.

"हे पैसे देण्याच्या आधी पाहाचं असते," ते म्हणाले. रागावून नाही. रोज कोणाला तरी सांगत असावेत.

एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी लागेल आणि आमच्याकडे मध्य प्रदेशात ते काम हिंदीत चालतं, म्हणून कन्सल्टन्सीला पत्र हिंदीत केलं. कोणतं काम सांगितलं, किती पगार सांगितला, पैसे कोणत्या तारखेला दिले, हे सगळं क्रमानं. पंधरा दिवसांत पैसे आणि दोन्ही पासपोर्ट परत द्या, नाहीतर पोलीस, ग्राहक आयोग आणि परदेशी जाणाऱ्या कामगारांचं सरकारी कार्यालय, तिन्हीकडे तक्रार करू.

मित्राच्या रकमेपाशी बाबू थांबले. "याचा कागद?"

"मी होतो ना तिथं," मी म्हणालो. "माह्याच हातानं देल्ले."

"मग तसंच लिहितो. तू साक्षीदार." त्यांनी तसंच टाइप केलं. खाली दोघांनी सह्या केल्या. स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह पाठवलं. त्या दिवशी मित्र बऱ्याच दिवसांनी हसला. मला समोसा त्यानंच खाऊ घातला.

बाराव्या दिवशी कन्सल्टन्सीतून फोन आला, फक्त मला. एकटेच या म्हणाले.

मी एकटा गेलो. हे मी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तिला सातवा महिना लागला होता आणि घरात कमावणारं कोणी नव्हतं. टेबलावर दोन्ही पासपोर्ट, माझ्या नावाचा चेक आणि स्टॅम्प पेपर होता. त्यावर लिहिलं होतं की माझी पूर्ण रक्कम मिळाली, माझी काही तक्रार उरली नाही, आणि माझ्यासमोर दुसऱ्या कोणाकडूनही रोख घेतलेली नाही.

"हे शेवटचं वाक्य खरं नाही," मी म्हणालो.

"मग चेकही नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही. पेन पुढे सरकवलं.

मी सही केली.

चेक वटल्यावर त्यातले निम्मे आणि मित्राचा पासपोर्ट घेऊन रामाकोन्याला गेलो. मित्र अंगणात चुलत भावाच्या मोटारपंपाचं वायंडिंग करत होता. मी सगळं सांगितलं. तो तार गुंडाळत राहिला.

"तू लिहून देल्लं की माहे पैसे कोणी घेतलेच नाही?"

"घरची हालत तुले मालूम आहे ना."

"मालूम आहे. म्हणूनच तुह्या हातात देल्ले होते."

पैसे त्याच्या बायकोनं घेतले. मोजले नाहीत. मला बस म्हणाली नाही.

नंतर त्यानं ठाण्यात अर्ज दिला. कन्सल्टन्सीनं माझ्या सहीचा कागद पुढे केला. मला जबाबाला बोलावलं, तेव्हा मी खरं सांगितलं. हवालदार म्हणाले, "तेव्हा एक लिहिलं, आता दुसरं बोलता. कोणतं मानायचं?" मित्र बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता, भिंतीकडे बघत.

अर्ज अजून तिथंच आहे. त्याच्या नव्वद हजारांतले उरलेले मी थोडे थोडे त्याच्या खात्यात टाकतो. तो परत पाठवत नाही, आणि फोनही उचलत नाही. मुलगी झाली तेव्हा मी त्याला मेसेज टाकून कळवलं होतं.