चाळीस चार्जिंगचं एक युनिट

मोबाईल चार्जिंगला लावायचा म्हटलं की दैवशाला आधी भावजयीच्या तोंडाकडं बघून घ्यायची. भावना ओट्याशी असली तर बरं, पोळ्या लाटताना तिचं लक्ष नसायचं. पण ती बैठकीत असली की मग पिनेचा आवाजसुद्धा मोठा वाटायचा.

परतूरला भावाच्या घरी येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. नवरा गेला तेव्हा रूपाली आठवीत होती. भारत स्वतः टेम्पो घेऊन आला, दोघींचं सामान भरलं आणि म्हणाला, "अक्का, मागची खोली तुझीच." तो शब्द त्यानं पाळलाही. दैवशाला शाळेत खिचडी शिजवायला जायची आणि जे हातात पडेल त्यातलं निम्मं भावनाच्या हातावर ठेवायची. रूपाली शिकली, चाकणला कंपनीत लागली, चार पोरींत एक खोली करून राहू लागली. पहिल्या पगारात तिनं आईला मोबाईल घेतला. रोज कामावरून आली की तोंड दाखवायची. ते एवढंसं तोंड काचेत दिसलं की दैवशालाला जेवण जायचं.

त्या उन्हाळ्यात विजेचं बिल आलं अठ्ठावीसशे. आधी हजार-बाराशेच्या वर कधी गेलं नव्हतं.

भारत आडतीवर मापाडी होता, आकड्यात मुरलेला माणूस. त्यानं बिल मांडीवर घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि एकदम विचारलं, "अक्का, तुझ्या मोबाईलचा खोका कुठं हाय?"

खोका आणला. त्यावर पाच हजाराचा आकडा होता. भारतनं त्यावर बोट ठेवलं.

"हे बघ. हजार वॅटचं एक युनिट. शेतातल्या मोटारीचा हिशोब मला बराबर माहीत हाय. पाच हजार म्हंजे पाच युनिट. रोज एकदा चार्जिंग केलं तर रोज पाच. आता समजलं बिल कुठं चाललं ते!"

"अगं बाई!" भावना म्हणाली. "अन् त्यावर तासभर तोंडं बघत बसायचं."

"मंग पोराचे दोन धरून तुमचे बी हायेत की पाच मोबाईल," दैवशाला हळूच म्हणाली.

"आमचे जुने हायेत, अक्का. एवढं खात न्हाईत."

ती चार्जर गुंडाळत उठली. दुसऱ्या दिवसापासून मोबाईल पिशवीत घालून शाळेत नेऊ लागली. तिथं खिचडीच्या खोलीत बोर्ड होता, पण मुख्याध्यापक येऊन जाऊन बघायचे. तीन दिवसांनी तिनं तेही सोडलं. मग संध्याकाळी रूपालीचा फोन यायचा आणि मोबाईल बंद असायचा. रूपालीनं मामाला फोन करून विचारलं, "मामा, आई बरी आहे ना?" भारत म्हणाला, "बरी हाय, तिला काय झालं," आणि ठेवून दिला. आत येऊन बहिणीला फोन आला होता एवढं सांगायचं मात्र त्याला सुचलं नाही. ते तिला तृप्तीकडून कळलं.

तृप्ती भारतची धाकटी, बारावीला. तिनंच मीटरसमोर उभं करून आत्याला दाखवलं. "हा लाल दिवा लुकलुकतो ना, आत्या, बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट. इथं लिहिलंच आहे बघा."

"मंग एका चार्जिंगला किती लुकलुकतो?"

"ते कुणी मोजलंय! बाकी सगळं बंद ठेवून बसावं लागेल. आई फ्रीज बंद करू देईल का?"

रविवारी घरातले सगळे जाफराबादला गेले. भारतच्या थोरल्या पोरासाठी, हरिओमसाठी मुलगी बघायची होती. भावना निघताना म्हणाली, "अक्का, घराला कुणीतरी पाहिजे, न्हाई तर तुम्हाला नेलं असतं." दैवशाला म्हणाली, "मी हाय ना घरी." विधवा बाईला अशा कामाला नेत नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं, आणि दोघींनीही ते तोंडातून काढलं नाही.

जीप वळली तशी तिनं दार लावून घेतलं. पंखे, कूलर, टीव्ही, देव्हाऱ्यातला छोटा लाल बल्बसुद्धा बंद केला. देवाला हात जोडले. फ्रीजची पिन काढली. मग ओसरीत मीटरखाली पाट टाकून बसली. बराच वेळ दिवा लुकलुकला नाही, तेव्हा तिची खात्री झाली की घरात आता काहीच चालू नाही. मोबाईल जवळजवळ संपलेलाच होता. तिनं तो लावला.

मोजणार कशी? हिशोब डोक्यात राहत नव्हता, मध्येच शेजारच्या उषाबाईंचं नातवंड रडलं की आकडा निसटायचा. शेवटी तिनं खुंटीवरची माळ घेतली. दिवा एकदा लुकलुकला की एक मणी. उगीच हात रिकामा जाऊ नये म्हणून प्रत्येक मण्याला नाव घ्यायची. पण दिवा सावकाश चालला होता, दीड-दीड मिनिटाला एकदा. घामानं पाठ भिजली. एवढं सावकाश नाम तिनं आजवर कधी घेतलं नव्हतं. विजेचा हिशोब देवाच्या माळेवर करतेय, हे तिला मनातून बरं वाटत नव्हतं. पण आपण खोटं काहीच करत नाही, देवा, असं म्हणून तिनं पुढचा मणी ओढला.

मोबाईल पूर्ण भरला तेव्हा माळ पुरी झाली नव्हती. एकशेआठ मण्यांतले अठ्ठावीस उरले होते.

म्हणजे ऐंशी. बत्तीसशेला ऐंशीनं भागलं, चाळीस आले. चाळीस वेळा मोबाईल भरला की एक युनिट! तिनं दोनदा पुन्हा भागून पाहिलं. मग बिल उलटं करून दर वाचले. पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी, त्याच्या वरच्यांचा जास्त. आपलं युनिट वरच्यातलंच धरू, कुणी म्हणायला नको कमी धरलं म्हणून. त्यात वहन आकार, त्यावर वीज शुल्क. सगळं मिळून युनिट चौदा रुपयांच्या आसपास गेलं, तिनं चौदाच धरले. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, रोज एक चार्जिंग, त्याची झाली नऊ युनिटं आणि वर थोडं. वर्षाचे एकशे अठ्ठावीस रुपये. घरातल्या सहाही मोबाईलचे धरले, तरी पंचावन्न युनिट, सातशे सत्तर. सगळ्या घराचे, अख्ख्या वर्षाचे.

किती दिवसांनी तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिनं फ्रीज लावला, देवाचा बल्ब लावला, आणि रूपालीला स्वतःहून फोन केला.

तिन्हीसांजेला मंडळी परत आली ती खुशीतच. मुलगी पसंत होती. भावनानं बर्फीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. भारत पाणी पिऊन टेकला तेव्हा दैवशालानं बिल त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि सगळं सांगितलं, माळेसकट.

"आत्यानं प्रयोग केला!" तृप्ती टाळी वाजवून म्हणाली. "पप्पा, तो पाच हजार म्हणजे बॅटरीचा आकडा आहे, वॅटचा नाही. आणि रोज पाच युनिट असते तर सहा मोबाईलचे महिन्याला नऊशे युनिट झाले असते. आपलं पूर्ण बिल किती युनिटचं आहे बघा तरी!"

भारतनं बघितलं. दोनशे चाळीस युनिट. मापाडी माणूस, त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही. त्यानं ओठ हलवत चाळीसनं भागलं, चौदानं गुणलं.

"बराबर हाय," तो म्हणाला. "मीच चुकलो. पाडव्याला फ्रीज घेतला अन् कूलर दिवसरात्र चालू राह्यला, त्यानं युनिटं वर गेली."

दैवशाला हसली. तिला वाटलं, संपलं.

पण कुणीच हसलं नाही. हरिओम उठून बाहेर गेला. भावनानं नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं बिलाकडं.

"तृप्ती, चहा टाक जा," भावना म्हणाली. पोरगी आत गेली तशी ती हलक्या आवाजात नवऱ्याला म्हणाली, "आता तरी सांगा. का अजून दुसरं कायतरी काढणार?"

"थांब गं."

"किती थांबायचं? पुढच्या रविवारी पोरीकडचे घर बघायला येऊन राह्यले."

दैवशालाच्या हातातली बर्फी चिकट झाली होती. ती ना खाता येत होती, ना ठेवता.

"अक्का," भारत म्हणाला. त्याचा आवाज टेम्पो घेऊन आला होता त्या दिवशीचाच होता, तसाच मऊ. "पोराचं लगन करायचं तर खोली लागंल. त्यांनी आजच विचारलं, नव्या नवरीला कुठली खोली म्हणून. मी काय सांगणार? मला तुझ्यापुढं बोलायला जीभच रेटंना. मला वाटलं, बिलावरून जरा... तुलाच नको वाटंल. तू आपणहून म्हणशील."

"बिलावरून," ती म्हणाली.

"खोका मुद्दाम न्हाई काढला, देवाशपथ. तो हिशोब मला खराच वाटला होता. पण सोयीचा वाटला तसा मी धरून ठेवला."

आतून चहाच्या पातेल्याचा आवाज आला. दैवशालाला भावाचा राग यायला हवा होता, पण तिला आठवत राहिलं की पंधरा दिवस हाच माणूस तिची नजर चुकवून जेवत होता. ती मोबाईलला धरून बसली होती आणि मोबाईल कधी मधे नव्हताच. हिशोब चुकीचा होता तोवर निदान ती या घरात भांडू शकत होती. आता भांडायलाही काही उरलं नव्हतं.

"रूपालीकडं जाता येत न्हाई," ती म्हणाली. "चौघी हायेत त्या."

"तिकडं कशाला? शाळेच्या पाठीमागं गिरिजाबाईच्या खोल्या हायेत. भाडं मी देतो. बिलकुल काळजी करू नको. अन् तिथं मीटर बी वेगळं हाय, अक्का. तुझं तुला. कुणी बोलणार न्हाई."

भावनानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. "सणावाराला तर इथंच की तुम्ही, अक्का."

दैवशालानं बिल उचललं. दुपारी तिनं ते इतकं वाचलं होतं की कुठली ओळ कुठं आहे हे पाठ झालं होतं. वरच्या बाजूला स्थिर आकार होता, एकशे तीस. काही लावा, नाही तर काही लावू नका, दर महिन्याला तेवढे द्यायचेच. दुपारी तिनं ती ओळ सोडून दिली होती. घरात पाच माणसं असताना ती कुणाच्याच वाट्याला येत नव्हती.

"भारत," ती म्हणाली, "वर्षभर रोज मोबाईल भरला तर एकशे अठ्ठावीस. बराबर?"

"बराबर."

"अन् वेगळ्या मीटरचे, खोलीत एक दिवा न लावता, महिन्याला एकशे तीस."

भारतनं बिल ओढून घेतलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. तृप्ती चहाचे कप घेऊन आली आणि सगळ्यांची तोंडं बघून दारातच उभी राहिली. दैवशालानं तिच्या हातातला एक कप घेतला, बर्फी बशीत ठेवली.

"कधी जायचं?" तिनं विचारलं. "रविवारच्या आधीच ना?"