टोपी, बकल आणि दोन बटणं

बटणताईंचं दुकान घराखालीच होतं, आणि त्यात बटणं, दोरे, हुक, बकलं आणि चेन यांखेरीज काही मिळत नसे. गल्लीतल्या बायका कपड्याचा तुकडा घेऊन यायच्या. बटणताई तो दाराशी उजेडात धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि मागे न बघता हात घालून नेमकी दोऱ्याची रीळ काढायच्या. "हा घ्या. धुतल्यावरसुद्धा वेगळा दिसणार नाही." आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कपड्यांना रंग जुळवून दिला. स्वतः मात्र अख्खा कपडा कधी कोणासाठी शिवला नव्हता. या वर्षी पहिल्यांदा शिवला.

झालं असं, की त्यांच्या यजमानांनी निवृत्तीनंतर गावातल्या हौशी नाटकमंडळीत नाव घातलं. राजाच्या दाराशी उभा राहणारा पहारेकरी, एवढीच भूमिका. वाक्यही एकच. त्या पहारेकऱ्याचा झगा बटणताईंनी शिवला. रंग असा, की सुकत आलेल्या गुलाबाची पाकळी आठवावी. जुना, दमलेला, तरी राजवाड्यातला. तो झगा बघून नाटक बसवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "पुढच्या नाटकाचे सगळेच कपडे तुमच्याकडे द्यावेत, असं मनात आहे. पण हातात घेतलेला कपडा वेगळा आणि रंगमंचावरचा वेगळा. मी तर प्रयोगभर पडद्यामागे होते. रेकॉर्डिंग बघू, मग ठरवू."

घरात मोठा टीव्ही होता तो बटणताईंकडेच. म्हणून रविवारी सकाळी बाई लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे येणार होत्या. सोबत मास्तरही. मास्तर म्हणजे मंडळींचे जुने शिंपी, आजवरचे सगळे कपडे त्यांनीच शिवलेले. झगा पहिल्यांदा बघून ते एवढंच म्हणाले होते, "दिव्याखाली कलिंगड दिसेल." बटणताईंना त्या रात्री झोप लागली नव्हती.

आता त्या टीव्हीचीही एक गंमत होती. लेक कोरियात नोकरीला होती. परत येताना तिथला टीव्ही सामानात घेऊन आली आणि मग दुसऱ्या शहरात नोकरी लागली म्हणून तो आईबापांच्या गळ्यात मारून गेली. टीव्हीचा मेनू अथपासून इतिपर्यंत कोरियन.

"आई, सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी करून घे ना," लेक फोनवर म्हणाली होती.

"कशाला? इंग्रजी वाचताना मला चष्मा लागतो. यात सरळ बटणं दिसतात."

आणि दिसतच होती. ती लिपी त्यांना पहिल्या दिवशीच ओळखीची वाटली. गोल म्हणजे बटण, चौकोन म्हणजे बकल, आणि काही अक्षरांच्या डोक्यावर चिमुकली टोपी. लेकीने एकेक ओळ सांगितली, बटणताईंनी ती आपल्या दुकानाच्या भाषेत लक्षात ठेवली. एकाआड एक बटण असलेली ओळ म्हणजे बाहेरून येणारी वायर निवडायची. हा टीव्ही चालू केला की स्वतःच्याच कसल्या कोरियन पानावर उघडायचा. तिथून या ओळीवर गेलं, की सेट टॉप बॉक्स दिसायचा. टोपी घातलेलं बटण आणि पाठोपाठ दोन बकलं, ही चित्राच्या रंगांची ओळ. आणि दोन टोप्या, मग दोन बटणं, ही सगळ्यांत लाडकी. तिथे मिनिटं निवडली की तेवढ्या वेळाने टीव्ही आपला आपण बंद व्हायचा.

ही ओळ यजमानांसाठी होती. ते टीव्हीसमोर खुर्चीत बसले की हनुवटी छातीला टेकायची. टीव्ही हाताने बंद केला तर दचकून म्हणायचे, "अगं, मी ऐकत होतो." म्हणून बटणताई अर्धा तास लावून ठेवायच्या. दुसऱ्या बायका नवऱ्याच्या अंगावर पांघरूण घालतात, तशा या टायमर घालायच्या. गंमत अशी, की टीव्ही आपणहून बंद झाला तरी ते शांततेने जागे व्हायचेच. आणि तरीही म्हणायचे, "मी ऐकत होतो."

शनिवारी बटणताईंनी पूर्वतयारी केली. टोपीवाल्या बटणाच्या ओळीत जाऊन रंगांचे सगळे प्रकार पालथे घातले आणि शेवटी एका प्रकारावर थांबल्या. त्याचं पहिलंच अक्षर असं, की वर एक बटण, खाली एक बटण. बातम्या देणारीच्या गालावर माणसाचा रंग आला. "झालं," त्या म्हणाल्या. "आता येऊ दे कलिंगडवाल्याला."

रविवारी कलिंगडवाले आले. बाईही आल्या. वायर जोडली, बटणताईंनी एकाआड एक बटणाची ओळ उघडली, तिथे दुसरी वायर निवडली, आणि पडद्यावर नाटक अवतरलं. पहारेकरी दाराशी उभा होता. झगा लाल होता. नुसता लाल नाही, जत्रेतला फुगा लाल असतो तसा. यजमानांचा चेहरा गाजरासारखा झाला होता आणि राजाची दाढी निळसर.

मास्तरांनी सुपारी गालातून गालात सरकवली.

"मी काही म्हणत नाही," ते म्हणाले.

"म्हणू नकाच," बटणताई म्हणाल्या. काल तर सगळं जुळवलं होतं. टीव्ही रात्रीत रंग विसरला की काय?

त्यांनी लेकीला फोन लावला. लेक बाजारात होती. "अगं आई, काल तू कुठल्या वायरवर असताना बदललंस? सेट टॉप बॉक्सच्या? मग ते त्याच्यापुरतंच. प्रत्येक वायरीचे रंग टीव्ही वेगळे लक्षात ठेवतो. लॅपटॉपच्या वायरीवर पुन्हा कर. ठेवते, इथे कोथिंबिरीवरून भांडण चाललंय."

बटणताईंनी पदर खोचला. "बाई, चित्र जरा थांबवा. अहो, उठा."

"मी?"

"तुम्हीच. तो झगा खुंटीवरून काढा, अंगात घाला आणि टीव्हीशेजारी उभे राहा."

"कशाला गं?"

"दोरा जुळवायला तुकडा लागतो की नाही? तुम्ही तुकडा."

यजमान झगा घालून उभे राहिले. पडद्यात एक पहारेकरी, पडद्याबाहेर एक. खिडकीतला उजेड बाहेरच्यावर पडला होता. बटणताई मागे सरकल्या, डोळे बारीक केले आणि टोपीवाल्या बटणाच्या ओळीत शिरल्या. आज नुसत्या अक्षरावर त्या विसंबणार नव्हत्या.

पहिल्या प्रकारात राजवाडा थोडा शांत झाला, पण पहारेकरी गारठल्यासारखा.

"हा आजारी दिसतोय," बाई म्हणाल्या.

"हे मागच्या वर्षी तापातून उठले होते तेव्हा असेच दिसत होते," बटणताई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

पुढच्यात रंग इतके चढले की बाहेरचे यजमान वाकून आतल्या यजमानांकडे बघायला लागले. "हा कोण बाबा? याला ऊन लागलंय."

"हलू नका. तुकडा हलत नाही."

मास्तरांनाही राहवेना. ते खुर्ची पुढे ओढून बसले. "याच्यात काजूची पिवळट झाक आहे. पुढचं दाखवा. नाही, नाही, एक मागे."

मग ते अक्षर आलं. वर बटण, खाली बटण. पडदा किंचित मावळला, आणि त्या मावळण्यात सगळं जागेवर आलं. दाढी पांढरी झाली. गालावरचं गाजर गेलं. झगा सुकत आलेल्या गुलाबाचा झाला, आतलाही, बाहेरचाही. रंगमंचावरच्या दिव्याने आतल्याला थोडी ऊब दिली होती, एवढाच फरक.

बाई पुटपुटल्या, "अच्छा. असा दिसत होता तर."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाहीवर अजून कलिंगड आहे," ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता, आणि ते स्वतःच हसले.

"बघू या पुढे," बाई म्हणाल्या. "यांच्या वाक्याच्या वेळी अंधार होतो आणि मग यांच्यावर एकच दिवा पडतो. तिथे झगा टिकला तर टिकला."

म्हणजे अजून निकाल बाकीच होता. यजमान झग्यासकट खुर्चीत बसले. नाटक सुरू झालं. राजा लांबलचक बोलू लागला आणि खुर्चीतली हनुवटी छातीकडे निघाली. बटणताई बाईंना सांगत होत्या की कापडाला आतून अस्तर कुठलं लावलं, आणि रिमोट अजून हातातच होता. अंगठा आपल्या वाटेने गेला. दोन टोप्या, दोन बटणं, अर्धा तास. त्यांना पत्ताही लागला नाही. खुर्चीत हनुवटी टेकली की अंगठा तिकडे जातो, हा त्या घरचा नियमच होता.

राजाने राज्य घालवलं. राणी रुसली. प्रधानाने दोनदा तेच वाक्य म्हटलं, तेव्हा बाईंनी कपाळावर हात मारला. रंगमंचावर दिवे एकेक करून विझायला लागले, आणि त्याच वेळी पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवली. आत कोरियन ओळ, आणि उतरत जाणारे आकडे.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"जाहिरात असेल," मास्तर म्हणाले.

बटणताईंनी ओळीत दोन टोप्या बघितल्या. त्यांच्या घशातून नुसता "अगंबाई" एवढाच शब्द निघाला. त्या रिमोट शोधायला लागल्या. रिमोट त्यांच्याच हातात होता, पण ते कळेपर्यंत आकडे संपले. टीव्ही बंद. काळा पडदा, आणि खोलीत गच्च शांतता.

त्या शांततेने यजमान जागे झाले.

समोर काळोख होता. कुठेच आवाज नव्हता. दोन महिने तालमीत काळोख झाला की त्यांचं वाक्य यायचं. ते ताडकन उठले. खिडकीतल्या उन्हाचा पट्टा बरोबर त्यांच्या छातीवर पडला, आणि हात उंच करून ते खणखणीत आवाजात म्हणाले,

"महाराज, दार उघडंच आहे, पण बाहेर कोणी उरलेलं नाही."

आणि टीव्हीने आवाज सोडून दिल्यामुळे लॅपटॉप आपल्या तोंडाने बोलू लागला होता. त्याच्यातून बारीक आवाज आला, "महाराज, दार उघडंच आहे..."

मास्तर हसताना खुर्चीवरून घसरले. सुपारी कुठे गेली ती अजून सापडायची आहे. बाई पदराने डोळे पुसत होत्या, पण बघत होत्या झग्याकडेच. उन्हात, अर्धवट झोपेतल्या माणसाच्या अंगावर तो चुरगळलेला, खरा, थकलेला दिसत होता. अगदी सगळे निघून गेल्यावर मागे राहिलेल्या पहारेकऱ्याचा.

"टीव्ही नका लावू आता," बाई म्हणाल्या. "पुढच्या नाटकाचे कपडे तुमच्याकडेच. सगळे. मास्तर, तुम्ही कापून द्याल?"

"कापीन," मास्तर जमिनीवरूनच म्हणाले. "रंगात मी पडत नाही."

बटणताईंनी नवऱ्याकडे बघितलं. ते अजून हात वर करून उभे होते, लॅपटॉपमधल्या टाळ्या कुठून येताहेत ते शोधत.

"झोपला होतात ना?" त्या म्हणाल्या.

"छे," यजमान म्हणाले. "मी ऐकत होतो."